सातवीची हिंदी वर्कशीट: ‘मेरे बहन’ का चुकतं? लिंग, वचन, कारक यांची वाक्यं तपासून हवीत

शेवंती_वेंगुर्ला
नमस्कार मंडळी. मुलगा सातवीत आहे, मराठी माध्यम. हिंदीच्या बाईंनी लिंग, वचन आणि कारकाची वर्कशीट दिली होती. ‘दिलेल्या शब्दांवरून वाक्य बनाओ’ असा प्रश्न होता. तपासून आली ती नुसती लाल गोल करून. बरोबर वाक्य काय, ते कुठेच नाही. बाईंकडे साठ मुलं आहेत, प्रत्येकाला लिहून देणं त्यांना जमणार नाही हे मला कळतं. पण सोमवारी चाचणी आहे आणि माझं हिंदी मालिका बघून आलेलं. त्याने लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी देते:

१. मेरे बहन का पुस्तक मेज़ पर है।
२. समुद्र का आवाज़ रात को सुनाई देता है।
३. राम ने बाज़ार से दो मछली लाई।
४. मैं आम खाया।
५. माँ ने बेटी को बुलाई।
६. दादाजी के नाव में पानी भर गई।
७. मैंने शिक्षक को प्रश्न पूछा।
८. मछुआरा ने जाल फेंका।
९. चाय ठंडा हो गया।

प्रत्येकात निदान एक गोल आहे. मला उत्तरं हवीतच, पण त्याहून जास्त हे हवंय की तो हे असं का लिहितो. पाठ करून घेतलं की दोन दिवस राहतं, मग परत ‘मेरे बहन’.

हर्णैवाला
ताई, सोपं आहे. आमच्याकडे बंदरावर लिलावाला बाहेरचे व्यापारी येतात, वीस वर्षं त्यांच्याशी हिंदीतच बोलतोय. दोन नियम सांगतो, मुलाला पाठ करायला लावा.

एक, मराठीत जे नपुंसकलिंगी ते हिंदीत पुल्लिंगी. घर, दूध, फूल, चित्र सगळं ‘का’. ई-कारान्त असलं की स्त्रीलिंगी, ‘की’.
दोन, भूतकाळ असला आणि कर्म असलं की ‘ने’ लावायचा.

म्हणजे चौथं ‘मैंने आम खाया’. बाकी पण याच हिशोबाने बघा.

शेवंती_वेंगुर्ला
धन्यवाद दादा. पण मग पहिल्यात ‘का पुस्तक’ला गोल का? पुस्तक मराठीत नपुंसकच ना? आणि सहाव्यात त्याने ‘पानी’ ई-कारान्त म्हणूनच ‘भर गई’ लिहिलंय, असं तो स्वतःच म्हणाला. तिसऱ्यात भूतकाळ आहे, कर्म आहे, ‘ने’ पण लावलाय, तरी नेमका ‘ने’वरच गोल.

जुनी_पाटी
राजापूर तालुक्यात हिंदी शिकवून निवृत्त झालो. ताईंनी नेमकी ती तीन वाक्यं पकडली जिथे हर्णैवाल्यांचे नियम अडतात. नियम अगदीच चूक नाहीत, अर्ध्या वाटेपर्यंत नेतात.

नपुंसकलिंगी शब्द हिंदीत बहुतेक पुल्लिंगी होतात हे खरं. पण रोजच्या वापरातले चार शब्द उलट जातात: पुस्तक, दुकान, नाक आणि सरकार. हे चारही हिंदीत स्त्रीलिंगी. मुलांच्या निबंधात पुस्तक आणि दुकान येणारच, म्हणून एवढे चार वेगळे लक्षात ठेवायला सांगा.

ई-कारान्ताचंही तसंच. पानी, घी, मोती, हाथी, आदमी हे सगळे पुल्लिंगी. म्हणून ‘पानी भर गया’.

आणखी एक छोटा गट आहे. शब्द दोन्हीकडे जवळपास तोच, पण आपल्याकडे तो पुल्लिंगी आणि तिकडे स्त्रीलिंगी: आवाज़, आत्मा, विजय, मृत्यु, ऋतु. उलट दिशेने जाणारा व्यक्ति. आपण ‘ती व्यक्ती’ म्हणतो, हिंदीत ‘वह व्यक्ति आया’.

दुसरं वाक्य बघा. लाल गोल फक्त ‘का’भोवती असेल तर मुलगा ‘का’चा ‘की’ करून थांबेल. पण आवाज़ स्त्रीलिंगी आहे म्हटल्यावर तिने शेवटचं क्रियापदही बदलायला हवं: ‘समुद्र की आवाज़ रात को सुनाई देती है।’ एका वाक्यात लिंग दोन जागी दिसतं. दुरुस्ती करताना दोन्ही जागांवर बोट ठेवून बघायची सवय लावा. नवव्यातही तेच, ‘चाय ठंडी हो गई’. आपला चहा ‘तो’ आणि त्यांची चाय ‘ती’, म्हणून ठंडा आणि गया दोन्ही बदलले.

‘मेरे बहन’चं कारण मात्र लिंगाच्या यादीत नाही. ते संध्याकाळी सविस्तर लिहितो, जेवणापूर्वी बागेला पाणी द्यायचंय.

देवगड_कलमी
माझो प्रश्न जरा वेगळो आसा, पण ह्याच धाग्यात इचारतंय. हापूस दिल्लीच्या व्यापाऱ्याक पाठवतंय. काल मोबाइलवर लिवलंय, ‘मैंने आपको चालीस पेटी भेजा है।’ पुतणी हसली. ह्यात काय चुकला?

जुनी_पाटी
कलमीबुवा, पेटी स्त्रीलिंगी. तिला ‘को’ लागलेला नाही, म्हणून क्रियापद तिच्या मागे जाणार: ‘मैंने आपको चालीस पेटियाँ भेजी हैं।’ मराठीतही तुम्ही ‘चाळीस पेट्या पाठवल्या’ म्हणता, ‘पेटी पाठवलं’ म्हणत नाही. तुमचं मराठी बरोबर आहे, तेच तिकडे न्या.

पण पेटी हे माप म्हणून वापरलं तर ती एकवचनीच राहते आणि क्रियापद आंब्याकडे जातं: ‘चालीस पेटी आम भेजे हैं।’ हेही शुद्ध. ‘दो किलो मछली’ म्हणतात, किलोचं अनेकवचन करत नाहीत, तसं.

ताईंच्या तिसऱ्या वाक्यात माप नाही, दोन वेगळ्या मछल्या आहेत, म्हणून तिथे ‘दो मछलियाँ’. लिहिताना ‘मछलीयाँ’ लिहायचं नाही. अनेकवचन करताना ली ऱ्हस्व होते. सातवीच्या मुलांचा अर्धा गुण इथे हमखास जातो.

पोफळी
माझ्या मते मुळात सातवीपर्यंत हिंदी हवीच कशाला? पहिलीपासून तिसरी भाषा लादायची का यावर एवढा वाद झाला आणि आपण इथे पेटी आणि पेटियाँ करत बसलोय.

शेवंती_वेंगुर्ला
ताई, त्यावर वेगळा धागा आहे, मीही तिथे लिहिलंय. इथे सोमवारची चाचणी आहे हो.

पोफळी
बरोबर. मी शीर्षक नीट वाचलं नव्हतं. वाचते आहे.

जुनी_पाटी
आता ‘मेरे बहन’.

ताई, मुलाला विचारा, हे मराठीत कसं म्हणशील. तो म्हणेल, ‘माझी बहीण’. आता विचारा, ‘माझी बहीण’ला ‘ला’ लाव. तो म्हणेल, ‘माझ्या बहिणीला’. इथे ‘माझी’चं ‘माझ्या’ झालं. मराठीत पुढे प्रत्यय आला की चा, ची, चे तिन्हींचं ‘च्या’ होतं. माझ्या भावाला, माझ्या बहिणीला, माझ्या घराला. लिंग कुठलंही असो, ‘च्या’.

हिंदीत अर्धंच असं होतं. पुल्लिंगी ‘का’चं ‘के’ होतं: मेरे भाई को, मेरे घर में. स्त्रीलिंगी ‘की’ मात्र हलत नाही. मेरी बहन, मेरी बहन को, मेरी बहन से, मेरी बहन का, मेरी बहनों के लिए. पुढे काहीही येऊ द्या, ‘मेरी’ तशीच राहते.

मुलाच्या डोक्यात ‘माझ्या’ म्हणजे ‘मेरे’ असं जुळलेलं आहे, आणि भाऊ, घर, गाव, मामा यांच्या बाबतीत ते बरोबरच येतं. त्यामुळे चूक फक्त बहीण, आई, शाळा, होडी, वही आली की दिसते. पहिलं आणि सहावं वाक्य हाच एक दोष आहे. ‘माझ्या बहिणीचं पुस्तक’ म्हणून ‘मेरे बहन का पुस्तक’, आणि ‘आजोबांच्या होडीत’ म्हणून ‘दादाजी के नाव में’.

घरी करायचं ते असं. ‘दादाजी ___ नाव में’ अशी रिकामी जागा आली की प्रत्यय झाकायचा, ‘में’वर बोट. उरलेल्या शब्दाला ‘अच्छा’ लावून बघायचं. ‘अच्छी नाव’. ‘अच्छी’ आली की उत्तर ‘की’, आणि विषय संपला, बोट काढून पुढे बघायचंही नाही. आता ‘दादाजी ___ जाल में’. अच्छा जाल. ‘अच्छा’ आला, म्हणजे का किंवा के. आता बोट काढा. पुढे ‘में’ आहे, म्हणून ‘के’: ‘दादाजी के जाल में’. पुढे काही नसतं आणि जाल एकच असतं तर ‘दादाजी का जाल’. पुल्लिंगी वस्तू एकाहून जास्त असल्या तर पुढे काही नसलं तरी ‘के’: ‘दादाजी के दो जाल’.

थोडक्यात, ‘की’साठी फक्त लिंग बघायचं. का आणि के यांतलं एक निवडायला मात्र पुढचा शब्द बघावा लागतो.

काशी_ते_मिरकरवाडा
नमस्कार. माहेर बनारसचं, लग्न होऊन रत्नागिरीत आले, मराठी इथेच शिकले. जुनी पाटी सरांनी ‘च्या’चं जे सांगितलं ते वाचून मला माझी मराठी समजली. मी सुरुवातीला सासूबाईंना ‘माझी बहिणीला फोन केला’ म्हणायचे. अगदी उलटी चूक.

एक शंका आहे. आमच्याकडे ‘मेरे एक बहन है’ असंही बोलतात, आणि ते चूक मानत नाहीत. मग मुलाने हे कुठे ऐकलं तर?

जुनी_पाटी
सूनबाई, खरं आहे. ‘मला एक बहीण आहे’ या अर्थाने नाती सांगताना ‘मेरे एक बहन है’, ‘उनके दो बेटियाँ हैं’ असं जुन्या, चांगल्या हिंदीतही येतं. ‘मेरी एक बहन है’ही चालतं. पण ताईंच्या मुलाच्या वाक्यात ‘बहन की पुस्तक’ आहे, तिथे ‘मेरे’ला जागा नाही. सातवीसाठी ‘मेरी’च लिहा. परीक्षक दुसरं रूप बरोबर देईलच याची खात्री मी देऊ शकत नाही.

हर्णैवाला
सर, मान्य, माझे नियम तोकडे होते. पण तिसऱ्या वाक्याचं सांगा. राम ने मछलियाँ खरीदीं, बेचीं, पकाईं, सगळ्याला ‘ने’. मग लाईं का नाही? भूतकाळ आहे, कर्मही आहे.

जुनी_पाटी
तुमचा नियम नव्वद वेळा बरोबर उतरेल, आणि ‘लाना’ तो मोडेल. लाना, बोलना, भूलना या तिघांना भूतकाळात ‘ने’ लागत नाही. बोलना आणि भूलना आपल्याला त्रास देत नाहीत, कारण मराठीतही ‘तो बोलला’, ‘तो वही विसरला’ असंच आहे, ‘त्याने’ नाही. पण ‘आणणे’ला आपण म्हणतो ‘रामाने मासे आणले’. म्हणून मुलाच्या हाताने ‘राम ने लाई’ येतं.

लाना म्हणजे मुळात ‘ले आना’, घेऊन येणे. शेवटचं क्रियापद ‘आना’, आणि आना हे ‘ने’ घेत नाही. ‘राम आया’, म्हणून ‘राम ले आया’, म्हणून ‘राम लाया’. ‘ले जाना’ही तसंच. ‘रामाने वही नेली’ पण ‘राम कॉपी ले गया’. ‘ने’ गेला की क्रियापद मछलियाँकडे न बघता रामाकडे बघतं. म्हणून पूर्ण वाक्य: ‘राम बाज़ार से दो मछलियाँ लाया।’ सीता असती तर ‘लाई’.

आता चौथं. मुलाची जुनी वही काढा आणि बघा, ‘उसने’, ‘राम ने’ तो बरोबर लिहितो का, आणि फक्त ‘मैं’, ‘हम’, ‘तुम’ आले की ‘ने’ गळतो का? माझ्या वर्गात जवळपास नेहमी असंच दिसायचं. कारण मराठीत ‘त्याने आंबा खाल्ला’, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘आम्ही आंबा खाल्ला’. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आपण ‘ने’ लावत नाही. हिंदी सगळ्यांना लावते. म्हणून नियम सगळा परत शिकवायची गरज नाही, एवढंच सांगा: मराठीत ‘त्याने’ म्हणावं लागेल अशा क्रियापदाला हिंदीत ‘मैंने’, लाना आणि ले जाना सोडून.

लिहिताना ‘मैंने’ एकत्र आणि ‘राम ने’ सुटं. मराठीच्या सवयीने मुलं ‘रामने’ लिहितात. सर्वनामाला जोडायचं, नामापासून तोडायचं.

शेवंती_वेंगुर्ला
सर, वही काढली. अगदी तसंच. ‘उसने’ सगळीकडे बरोबर आहे. ‘मैं’ला चार ठिकाणी ‘ने’ नाही, आणि चारही गोल तिथेच.

आता पाचवं. ‘बेटी’ आहे, तर ‘बुलाई’ का नाही? तो म्हणतो, कलमी काकांच्या पेटीला ‘भेजी’ चालतं, मग बेटीला का नाही?

काशी_ते_मिरकरवाडा
हे मी सांगू का? आमच्या घरी हे कोणी शिकवत नाही, पण आता मराठीमुळे दिसतं. पेटीच्या मागे काही नाही, बेटीच्या मागे ‘को’ आहे. ‘को’ लागला की क्रियापद तिच्याकडे बघत नाही. माँच्या मागे ‘ने’ आहे, तिच्याकडेही बघत नाही. मग कोणाकडेच बघायचं नसलं की ‘बुलाया’. मुलाला मराठी विचारा: ‘आईने मुलीला बोलावलं’. ‘बोलावली’ नाही म्हणत ना? तुमचं ‘लं’ नपुंसक आहे. आमच्याकडे नपुंसक नाही, म्हणून ‘या’.

जुनी_पाटी
याला मी काही जोडत नाही. सूनबाईंनी पूर्ण सांगितलं.

सातवं आणि आठवं उरलं. ‘शिक्षकाला विचारलं’ म्हणून ‘शिक्षक को पूछा’. हिंदीत विचारायचं, बोलायचं, भेटायचं ते ‘से’: शिक्षक से पूछा, माँ से कहा, मित्र से मिला. आपला ‘ला’ तिथे सरळ ‘को’ होत नाही. गावाला जातानाही तसंच, ‘मैं मालवण को गया’ नाही, नुसतं ‘मैं मालवण गया’.

आठव्याचं मला विशेष वाटतं. मराठीत ‘कोळ्याने’ म्हणताना कोळी बदलतो, राम ‘रामाने’ होतो, घर ‘घराने’ होतं, सगळेच बदलतात. हिंदीत एकवचनात राम, घर, बहन, नाव यांतलं कोणीच बदलत नाही. त्यामुळे मुलगा समजतो की हिंदीत काहीच बदलत नाही. पण आ-कारान्त पुल्लिंगी बदलतो: मछुआरे ने, लड़के को, कमरे में. त्यातही राजा, पिता, चाचा, मामा तसेच राहतात, ‘राजे ने’ होत नाही.

शेवंती_वेंगुर्ला
मुलाने बोट ठेवून स्वतः लिहिली, मी मध्ये बोलले नाही:

१. मेरी बहन की पुस्तक मेज़ पर है।
२. समुद्र की आवाज़ रात को सुनाई देती है।
३. राम बाज़ार से दो मछलियाँ लाया।
४. मैंने आम खाया।
५. माँ ने बेटी को बुलाया।
६. दादाजी की नाव में पानी भर गया।
७. मैंने शिक्षक से प्रश्न पूछा।
८. मछुआरे ने जाल फेंका।
९. चाय ठंडी हो गई।

सगळी बरोबर आहेत ना? मग त्याने स्वतःहून एक नवीन केलं: ‘हम घर के ओर गए।’ म्हणतो, अच्छा ओर, म्हणून का, आणि पुढे काहीतरी आहे म्हणून के.

जुनी_पाटी
नऊही बरोबर. दहाव्यात पद्धत बरोबर वापरली, लिंग चुकलं. ‘ओर’ स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘घर की ओर’. तरफ़ आणि तरह याही स्त्रीलिंगी: घर की तरफ़, भाई की तरह. के पास, के साथ, के लिए, के ऊपर हे मात्र ‘के’. हे तीन ‘की’वाले शब्द वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

पोफळी
सगळं वाचलं. माझी भाची पनवेलला शिकते, तिने ‘दही खट्टा है’ लिहिलं होतं आणि शेजारच्या काकू म्हणाल्या ‘दही खट्टी’. कोण बरोबर?

काशी_ते_मिरकरवाडा
आमच्या घरी ‘दही खट्टी’च म्हणतात. आई अजूनही तेच म्हणते.

जुनी_पाटी
शब्दकोशात दही पुल्लिंगी, म्हणून भाचीचं लिहिणं बरोबर. पूर्वेकडे बोलताना ते स्त्रीलिंगी होतं हेही खरं, आणि एवढी माणसं बोलतात त्याला चूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. पेपरात ‘खट्टा’ लिहावं.

हर्णैवाला
‘खट्टी’ला गुण कापणं मला पटत नाही सर. ज्यांची भाषा तेच तसं बोलत असतील तर?

देवगड_कलमी
त्याचा काय ता ठरवा. मी व्यापाऱ्याक नवीन लिवलंय: ‘साठ पेटी आम भेजे हैं, पेटियाँ गिन लीजिए।’ बरोबर आसा मां?

जुनी_पाटी
दोन्ही ठिकाणी बरोबर, कलमीबुवा.